उणे दोन अँपिअर

माझी पहिली नोकरी ठाण्यातल्या एका तांत्रिक शाळेत होती. बी.एस्सी. होऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि जगातलं सगळं पदार्थविज्ञान आपल्याला येतं असा माझा समज होता. आठवडाभर मुलांना शिकवायचं आणि रविवारी सकाळी आठ ते अकरा मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचा, असं नेमणुकीतच ठरलं होतं. रविवार जाणार म्हणून मी कुरकुरलो. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मोठ्या माणसांना शिकवणं झेपेल ना तुम्हाला? एक वर्षाच्या बोलीवर आहात." मी छाती काढून झेपेल म्हणालो. त्या वयात दुसरं काय म्हणणार?

वर्गात सहा जण होते. सगळे कल्याणच्या अलीकडच्या एका कारखान्यातले. कारखान्याचं स्वतःचं लहानसं वीजघर होतं आणि तिथे सुपरवायझर व्हायचं तर विजेची एक परीक्षा पास व्हावी लागे. परीक्षेला पाठवायचं कुणाला हे मात्र आमच्या शाळेची चाचणी ठरवी. शंभरापैकी पन्नास मिळाले तर फॉर्म पुढे जाई, एकोणपन्नास मिळाले तर जागच्या जागी राही. चाचणीचा पेपर काढणारा मी आणि तपासणाराही मीच. तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात इतकं देऊ नये, असं आता वाटतं. तेव्हा बरं वाटलं होतं.

सहांपैकी दोघांबद्दल सांगायला हवं. एक डोंबिवलीचे, आमच्याच आळीतले, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात कारकून. अक्षर मोत्यासारखं, पेन्सिलीला नेहमी टोक, बोलणं पुणेरी. दुसरे बॅटरीवाले. त्यांना सगळे याच नावाने हाक मारत, मीही मारू लागलो. ते खाडीकाठच्या एका गावचे. त्यांच्या वडिलांची हयात मिठागरात गेली आणि ते स्वतः सतरा वर्षं वीजघरातल्या बॅटरीच्या खोलीत होते. खोलीत लाकडी घोड्यांवर काचेच्या मोठमोठ्या बरण्या, त्यांत शिशाच्या पट्ट्या आणि तेजाब. चार्जिंग सुरू असलं की बरण्यांतून बारीक बुडबुडे येत आणि खोलीभर तेजाबाचा आंबूस, घशाला लागणारा वास पसरे. त्यांच्या खाकी सदऱ्याला समोरून चाळणीसारखी भोकं होती. ते दर दोन वाक्यांनंतर खोकत आणि खोकताना तोंडापुढे वही धरत.

त्यांना परीक्षा का हवी होती हे त्यांनी पहिल्याच रविवारी, न विचारता, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डॉक्टरने छाती तपासून त्या खोलीतून बाहेर निघा म्हटलं होतं. साहेब म्हणाले, बाहेरची जागा सुपरवायझरची, ती परीक्षेशिवाय देता येत नाही. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला कारखाना परीक्षेला पाठवत नसे. त्यांचं चाळिसावं सरत आलं होतं.

"म्हंजे ही एकच पाळी हाय मास्तर," ते म्हणाले. "हिच्यात निघालो तर निघालो."

मी मान डोलावली आणि फळ्याकडे वळलो. दुसऱ्याच्या छातीचं काय करायचं असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अभ्यासक्रमात सगळ्यांना घाम फोडणारा भाग म्हणजे दोन फेऱ्यांचं सर्किट. कागदावर ते अगदी साधं दिसतं. वर एक बिंदू, खाली एक बिंदू. दोन्हींच्या मध्ये तीन वाटा. डाव्या वाटेवर एक बॅटरी आणि एक रेझिस्टन्स, उजव्या वाटेवर दुसरी बॅटरी आणि दुसरा रेझिस्टन्स, मधल्या वाटेवर नुसता रेझिस्टन्स. दोन्ही बॅटऱ्यांची अधिक टोकं वरच्या बाजूला. प्रत्येक वाटेने किती करंट जातो ते काढायचं. एकच बॅटरी असती तर लहान पोरानेही भागाकार करून सांगितलं असतं. दोन आल्या की कोण कुणाला किती ढकलतं ते नुसतं बघून कळत नाही.

त्यासाठी दोन नियम आहेत. पहिला बिंदूचा. जिथे तारा एकत्र येतात तिथे जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, मध्ये साठून राहत नाही. हे मी इंग्रजी पुस्तकातल्या भाषेत दोनदा सांगितलं आणि सहा चेहरे कोरे राहिले. मग बॅटरीवाले म्हणाले, "आमच्या मिठागरात पाट फुटतो तिथं असंच हाय की. येल तेवढंच पानी दोन पाटांत जाईल. कमी भरलं तर बांधाला भोक हाय समजायचं." कोरे चेहरे हलले. माझ्या अर्ध्या तासाचं काम त्यांनी दोन वाक्यांत केलं, त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुसरा नियम फेरीचा. सर्किटातली कुठलीही एक बंद फेरी घ्या, एका जागेवरून निघा आणि फिरून तिथेच या. वाटेत बॅटरीने जेवढे व्होल्ट चढवले तेवढेच रेझिस्टन्सनी उतरवलेले असतात. पारसिकच्या डोंगरावर जेवढं चढलो तेवढंच उतरल्याशिवाय घरी पोचत नाही, असं मी सांगितलं. हे मात्र सगळ्यांना पटलं. रेझिस्टन्सने उतरवलेले व्होल्ट म्हणजे त्यातला करंट गुणिले त्याचे ओहम, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

आता हे नियम लावायचे तर आधी प्रत्येक वाटेवर करंटचा बाण काढावा लागतो. तो कुठल्या दिशेला जातो हे माहीत नसतंच, म्हणून आपण आपलं मानायचं. बाण उलटा मानला गेला असेल तर उत्तर उणे येतं. उणे म्हणजे आकडा बरोबर, करंट मात्र आपल्या बाणाच्या उलट वाहतोय. यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त एकदा मानलेला बाण शेवटपर्यंत तसाच ठेवायचा असतो, कारण सगळी समीकरणं त्याच बाणावर उभी असतात.

हे मी इथे लिहिलं तेवढं सरळ वर्गात सांगितलं असतं तर ही आठवण लिहावी लागली नसती. मला वाटलं, या लोकांना उणे-बिणे सांगून घोळ होईल. म्हणून मी निवडून निवडून अशीच उदाहरणं घेतली ज्यांची सगळी उत्तरं अधिक येतात. डावीकडे दहा व्होल्ट आणि दोन ओहम, उजवीकडे नऊ व्होल्ट आणि एक ओहम, मध्ये चार ओहम. दोन्ही बॅटऱ्या एकेक अँपिअर देतात, मधून दोन जातात, सगळे खूश. आणि एक ठोकळा घालून दिला. दोन्ही बॅटऱ्यांतून बाण वर, बाहेर. मधल्या वाटेवर बाण खाली. आय-एक अधिक आय-दोन बरोबर आय-तीन. मग दोन फेऱ्यांची दोन समीकरणं. झालं.

बॅटरीवाल्यांनी एकदा विचारलं, "मास्तर, दोनी बाण बाहेर कशावरून? एक बॅटरी जोरातली आन दुसरी मरतुकडी आसंल तर?"

मी म्हणालो, "परीक्षेत विचार करायचा नसतो. मी सांगतो तसा बाण काढा आणि पुढे चला."

वर्ग हसला. तेही हसले, वही तोंडापुढे धरून खोकले आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं.

ते घरी गणितं करून आणत. त्यांची चौथी झाली होती. समीकरण म्हणजे काय इथपासून सुरुवात. पहिल्या महिन्यात अधिक-उणे नुसतं इकडचं तिकडे करताना त्यांचे ओठ हलत. तिसऱ्या महिन्यापर्यंत ते दोन समीकरणांतून एक अक्षर उडवायला शिकले होते. पाळी संपवून, घरी जाऊन, कंदिलाशी बसून शिकले होते हे मला कारकुनांकडून कळलं. "माणूस चिवट आहे हो," ते म्हणाले. मलाही त्यांचं कौतुक वाटत होतं. पण मी ते बोलून दाखवलं नाही, मास्तराने बोलू नये असं वाटायचं म्हणून.

चाचणीचा पेपर काढताना मला शहाणपणा सुचला. वर्गात दिलेल्यासारखंच सर्किट दिलं तर ठोकळा पाठ केलेलेही पास होतील. खरं कुणाला कळलंय ते बघू या. म्हणून मी माझ्या कॉलेजच्या वहीतलं एक गणित घेतलं. डावीकडे चौदा व्होल्टची बॅटरी आणि दोन ओहम. उजवीकडे सहा व्होल्ट आणि एक ओहम. मध्ये आठ ओहम. तिन्ही वाटांचे करंट काढा, दिशा आकृतीत दाखवा. दहा मार्क. जे शिकवलं नाही तेच विचारायचं आणि वर त्याला कस लावणं म्हणायचं, ही खोड मास्तरांना फार लवकर लागते.

ठोकळ्याने गेलं तर डाव्या फेरीत दोन वेळा आय-एक अधिक आठ वेळा आय-तीन बरोबर चौदा. उजव्या फेरीत आय-दोन अधिक आठ वेळा आय-तीन बरोबर सहा. आय-तीनच्या जागी आय-एक अधिक आय-दोन घातलं की दहा आय-एक अधिक आठ आय-दोन बरोबर चौदा, आणि आठ आय-एक अधिक नऊ आय-दोन बरोबर सहा. पहिल्याला चारने गुणायचं, दुसऱ्याला पाचने, आणि वजा करायचं. तेरा आय-दोन बरोबर उणे सव्वीस. म्हणजे आय-दोन उणे दोन, आय-एक तीन, आय-तीन एक.

सहाही पेपर मी एका संध्याकाळी घरी तपासले. तिघांना समीकरणंच सुटली नव्हती. एकाने उणे दोन काढलं होतं आणि मग घाबरून उण्याची रेघ खोडली होती. त्याला चार मार्क दिले. कारकुनांनी सगळं सुरेख सोडवून आय-दोन बरोबर उणे दोन असं लिहिलं होतं आणि बाण होता तसाच वर ठेवला होता. त्यांना दहा.

बॅटरीवाल्यांचा पेपर शेवटी आला. अक्षर गिचमिड, पण एकही पायरी चुकली नव्हती. तेरा आय-दोन बरोबर उणे सव्वीस, आय-दोन बरोबर उणे दोन. माझ्या तोंडून शाबास निघालं. मग आकृतीकडे लक्ष गेलं. उजव्या वाटेवरचा वर काढलेला बाण त्यांनी शाईने गिरगटून टाकला होता आणि शेजारी नवा बाण काढला होता, खाली, बॅटरीच्या आत जाणारा. त्याच्यापुढे ठळक लिहिलं होतं, उणे दोन अँपिअर, बॅटरी चार्ज होते.

बाण उलटवायचा तर उणे काढून टाकायचं असतं. उणे ठेवायचं तर बाण ठेवायचा. दोन्ही केलं तर दोन उलट मिळून पुन्हा सुलट होतं आणि करंट बॅटरीतून बाहेर येतो असा अर्थ होतो. तो चूकच. मी दहापैकी दोन दिले. बेरीज केली, सेहेचाळीस झाली. पुन्हा केली. सेहेचाळीसच. मी पेपर बांधले आणि जेवायला बसलो.

रविवारी मार्क वाचून दाखवले. पास झालेले एकटे कारकून. बाकीचे कपाळाला हात लावून चहाला गेले. बॅटरीवाले बाकावरच बसून राहिले. मार्क वाढवून मागतील असं वाटून मी मनात उत्तर जुळवू लागलो. त्यांनी पेपर उलगडून माझ्यापुढे ठेवला.

"कुठं चुकलं ते तेवढं दाखवा."

मी म्हणालो, "तुम्ही बाण का बदललात?"

"खोटा व्हता म्हणून." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलेलं दिसलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. बॅटरीच्या खोलीच्या दाराशी एक पाटी असते. तिच्यावर खडूने बाण काढलेला असतो. बॅटरी चार्ज होत असेल तर बाण आत, करंट देत असेल तर बाहेर. पाळी बदलताना नवा माणूस आधी पाटी बघतो आणि तिच्या भरवशावर कामाला लागतो. करंट उलटला की हातातलं काम टाकून आधी पाटीवरचा बाण पुसायचा आणि नवा काढायचा, हा तिथला पहिला नियम. खोटा बाण राहिला तर पुढचा माणूस चार्ज होतेय समजून स्वस्थ बसतो आणि सकाळपर्यंत बरण्या मरून जातात. एकाची नोकरी अशीच गेली होती.

"उणे दोन आलं तवा मना कळलं, ही सा व्होल्टवाली मार खातेय. करंट तिच्या आत घुसतोय. मग बाहेरचा बाण कागदावर ठेवायचा कसा? हात नाय धजला."

ही बॅटरी चार्ज होते, हे कारकुनांच्या पेपरात कुठेही नव्हतं. पेपर परत घेताना त्यांनी मला हळूच विचारलंही होतं, हे उणे म्हणजे नक्की काय हो? त्यांना दहा मिळाले होते. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही त्या उण्याकडे आकडेमोडीतलं एक चिन्ह म्हणूनच बघत आलो होतो. चौदा व्होल्टची बॅटरी सहा व्होल्टच्या बॅटरीला भरते आहे, हे चित्र कॉलेजच्या चार वर्षांत माझ्या डोळ्यांपुढे कधी आलं नव्हतं.

पेपरातलं सर्किट खरोखर जोडून बघायला मी बॅटरीवाल्यांना प्रयोगशाळेत नेलं. ते म्हणाले, शिशाचा एक सेल दोन व्होल्टचा, तेव्हा सात सेल इकडे आणि तीन तिकडे. त्यांनीच जोडणी केली. त्यांचे हात त्या कामात किती हलके चालत ते मी पहिल्यांदा बघितलं. मध्ये शून्य असलेले तीन अँपिअर-मीटर मी कपाटातून काढले, तिन्ही वाटांवर एकेक लावला, प्रत्येकाचं अधिक टोक ठोकळ्यातल्या बाणाच्या बेताने. कळ दाबली. डावा काटा उजवीकडे तीनच्या जवळ गेला. मधला उजवीकडे एकाच्या आसपास. तिसरा डावीकडे कलला आणि दोनच्या अलीकडे थांबला.

ते बराच वेळ वाकून काट्यांकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "आता वरच्या बिंदूपाशी हिशोब करा. तुमच्या नव्या बाणाने."

त्यांनी बोट ठेवून केला. "तीन आले. दोन बॅटरीत गेले, एक मधून गेला. दोन आन एक तीन. बरोबर हाय."

"पण तुम्ही दोन नाही लिहिलंत. उणे दोन लिहिलंत."

ते थांबले. ओठ हलले. "उणे दोन आन एक... उणे एक. तीन आले आन उणे एक गेले?" त्यांनी मान हलवली. "बांध फुटला की." मग ते सरळ उभे राहिले. "म्हंजे उणे हा त्या जुन्या बाणाचा व्हता. बाण पुसला तर उणे पण पुसायला पायजे व्हता."

"हो."

"बरोबर मास्तर. चूक माजीच."

बाण मनाने मानलेला असतो, तो खोटा निघाला तरी चालतो आणि उण्याचा अर्थ काय, यातलं एक अक्षर मी वर्गात सांगितलं नव्हतं. विचार करू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांनी विचार केला, बरोबर केला, आणि त्याचे मी आठ मार्क कापले. पायऱ्यांचे म्हणून सहा तरी द्यायला हवे होते. उण्याची रेघ खोडणाऱ्याला मी चार दिले होते. सहा दिले असते तर बरोबर पन्नास होत होते. मला त्या प्रयोगशाळेत उभं राहवेना.

"मी हेडमास्तरांशी बोलतो," मी म्हणालो.

"बघा मग. मी थांबतो भाइर." त्यांच्या आवाजात मागणं नव्हतं, पण ते खोकायचे थांबले होते.

रविवार असला तरी हेडमास्तर ऑफिसात होते, पाठवायच्या नावांचा कागद त्यांच्यापुढेच होता. मी बॅटरीवाल्यांचा पेपर ठेवला आणि म्हणालो, "सर, या एकाचा पुन्हा विचार करावा असं वाटतं. चार मार्कांनी राहिलेत."

त्यांनी पेपर बघितला. "हे तुम्हीच तपासलंत ना?"

"हो."

"मग? उत्तर बरोबर आहे का चूक?"

मी म्हणालो, "चूक आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. चूक आहे, पण हा भाग मी शिकवलाच नव्हता. एवढंच. ते भले गृहस्थ होते, पुढे त्यांच्याशी माझे संबंध चांगले झाले, आणि त्यांनी नक्की कागदावर दुसरं नाव घातलं असतं असं मला आजही वाटतं. कदाचित मला चार शब्द ऐकावे लागले असते. कदाचित वर्षाची बोली संपल्यावर दुसरी नोकरी शोधावी लागली असती. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बॅटरीवाले व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते, पाठमोरे.

"आणखी काही सांगायचंय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर सही केली.

मी बाहेर आलो. बॅटरीवाल्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं. मी तरी म्हणालो, "नाही जमलं. नियमाप्रमाणे..."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमी माज्यासाठी आत जाऊन बोललात, येवढं कोन करतं? लई उपकार झाले." मग त्यांनी पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली एक जुडी काढली. त्यांच्या परसातला माठ होता, लाल. "चाचनी झाली का मास्तरांना द्यायचा आसं घरी ठरलं व्हतं. पासनापासाचं काय नाय त्यात."

मी नको म्हणायला हवं होतं. निदान तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी दोन्ही हातांनी जुडी घेतली.

घरी आईने माठ निवडायला घेतला आणि कुणी दिला विचारलं. वर्गातल्या एकाने, मी म्हणालो.

"पास झाला वाटतं."

"नाही."

"अरे, नापास होऊन भाजी देतो?" आई म्हणाली. "फारच भला माणूस दिसतो."

मला लाज वाटली. पण मी जेवलो, आणि भाजी पुन्हा मागून घेतली.

पुढच्या वर्षी नवा वर्ग आला. पहिल्याच रविवारी मी उण्याचं गणित घेतलं, तीन मीटर मांडून काटा उलटा फिरवून दाखवला, चार्ज होणारी बॅटरी कशी ओळखायची ते सांगितलं. त्या वर्षी सगळेच्या सगळे पास झाले आणि हेडमास्तरांनी सभेत माझं नाव घेऊन सांगितलं की मोठ्यांना शिकवावं ते यांनीच. टाळ्या पडल्या. वर्गात बॅटरीवाल्यांच्या गावचा एक जण होता. मी त्याला विचारलं, ते कसे आहेत. तो म्हणाला, त्याच खोलीत हायेत, आता पाळी पुरी करता येत नाय, मधेच भाइर येऊन बसतात. आणि म्हणाला, तुमचं नाव निघालं की सगळ्यांना सांगतात, मास्तर माज्यासाठी हेडमास्तराशी बोलले व्हते.